प्रत्येक एआय क्लिपमध्ये पात्र तेच कसं ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं एकाच उदाहरणाभोवती फिरतात. पन्नाशी ओलांडलेला एक मोजणीदार माळरानावर एकटाच जमीन मोजतोय. पाऊस येतो, तो आडोसा शोधतो, रात्री कंदिलाच्या उजेडात नकाशा काढतो आणि सकाळी निघून जातो. आठ-आठ सेकंदांच्या दहा क्लिप, प्रत्येक वेगळ्या प्रॉम्प्टमधून काढलेली. पहिल्या फेरीत मला या दहा क्लिपमध्ये मिळून चार मोजणीदार मिळाले. एक हवा तो, आणि तीन त्याचे लांबचे नातेवाईक.

मी प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये "तोच माणूस" असं स्पष्ट लिहितो. तरी चेहरा का बदलतो?

कारण "तोच" म्हणजे कोण, हे मॉडेलला ठाऊक नसतं. वेगळ्या प्रॉम्प्टमधून काढलेल्या क्लिपला आधीची क्लिप आठवत नाही. प्रत्येक वेळी काम कोऱ्या पाटीवरून सुरू होतं: आधी नुसता ठिपक्यांचा गोंधळ असतो, मग तुमच्या शब्दांच्या आधाराने त्यातून चित्र उमटत जातं. शब्दांनी जे सांगितलं नाही ते मॉडेल स्वतः भरतं, आणि दर वेळी वेगळं भरतं. "पन्नाशीचा दाढीवाला माणूस" या वर्णनात हजारो माणसं बसतात. त्यातला कोणीतरी एक तुमच्या वाट्याला येतो.

पात्राला नाव देऊनही हा प्रश्न सुटत नाही. नावामुळे वयाचा किंवा वंशाचा थोडाफार कल येतो, पण माणूस ठरत नाही. मोजणीदाराचं नाव मी माझ्या वहीत ठेवलंय, प्रॉम्प्टमध्ये नाही.

मग पात्राचं वर्णन कसं लिहायचं?

एकदाच लिहायचं, नीट घासूनपुसून, आणि मग त्याला हात लावायचा नाही. याला बरेच जण कॅरेक्टर ब्लॉक म्हणतात. माझा शेवटी ठरलेला ब्लॉक हा:

```
a lean man in his mid-fifties, long narrow face, deep-set eyes,
short grey beard, cropped grey hair, brick-red canvas jacket
with a stand collar, dark grey trousers, brown leather shoulder bag
```

इंग्रजीत लिहिलाय, कारण मी वापरतो त्या टूलमध्ये इंग्रजी वर्णनं जास्त नेमकी पकडली जातात. पण भाषेपेक्षा महत्त्वाचं आहे ते यात काय घेतलं आणि काय सोडलं. यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते. "प्रेमळ", "रांगडा", "अनुभवी" असले शब्द नाहीत, कारण रांगडेपणाचा अर्थ मॉडेल एका क्लिपमध्ये रुंद जबड्यात शोधतं, तर दुसऱ्यात मळलेल्या कपड्यांत.

पहिल्या मसुद्यात त्याच्या डाव्या भुवईवर व्रण होता. तो काढून टाकला. डावं-उजवं मॉडेलला नीट सांभाळता येत नाही. व्रण कधी उजवीकडे गेला, कधी गालावर उतरला, कधी दिसलाच नाही. चौकड्यांचा शर्ट, छातीवरचा बिल्ला आणि त्यावरची अक्षरं यांचंही तेच. चौकड्या प्रत्येक क्लिपमध्ये नव्याने विणल्या जातात आणि अक्षरं वितळतात. त्याऐवजी एकच मोठा, सपाट रंग घ्यावा आणि त्याला एखादा ठळक आकार जोडावा. विटकरी जाकीट आणि त्याची उभी कॉलर ही जोडी दुरूनही ओळखू येते, पाठमोऱ्या शॉटमध्येही टिकते. चेहरा थोडा हलला तरी प्रेक्षक जाकिटावरून माणूस ओळखतो. नाटकवाले हे फार पूर्वीपासून करत आलेत.

तीस-पस्तीस शब्द पुरतात. मी एकदा दीडशे शब्दांचा ब्लॉक करून पाहिला, बुटांच्या नाड्यांसकट. मॉडेल त्यातलं काही उचलायचं आणि काही गाळायचं, आणि काय गाळायचं ते दर वेळी वेगळं असायचं. म्हणजे तपशील वाढवून मी विसंगतीच वाढवत होतो.

अर्थ तोच ठेवून शब्द थोडे बदलले तर चालतात का?

नाही. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा आला की मार्क जायचे. ती सवय इथे नडते. `jacket` च्या जागी `coat` लिहिलं की जाकीट गुडघ्यापर्यंत येतं. `grey beard` चं `silver beard` केलं की दाढी चकाकते आणि माणूस श्रीमंत दिसायला लागतो. ब्लॉक एका फाइलमध्ये ठेवा आणि कॉपी-पेस्ट करा. आठवणीतून टाइप करू नका, स्वल्पविरामसुद्धा तेच राहू द्या.

आणि एक गोष्ट आधीच तपासा. अनेक टूलमध्ये तुमचा प्रॉम्प्ट "सुधारून" घेण्याची सोय असते, आणि काहींमध्ये ती न विचारता चालू असते. म्हणजे तुम्ही कितीही काटेकोर ब्लॉक दिला तरी पडद्यामागे कुणीतरी तो आपल्या भाषेत पुन्हा लिहितं आणि दर वेळी वेगळा लिहितं. माझे दोन दिवस यात गेले. ब्लॉक अक्षरशः तोच होता आणि दाढी मात्र कमी-जास्त होत होती. ती सोय बंद करता येत असेल तर बंद करा. येत नसेल आणि टूल बदललेला प्रॉम्प्ट दाखवत असेल, तर तो वाचून पाहा.

ब्लॉक तोच ठेवला, तरी तीन क्लिप बिघडल्या. असं कसं?

ब्लॉक एकटा काम करत नाही. प्रॉम्प्टमधला उरलेला मजकूरही पात्रावर ओढ टाकतो, आणि माझे तीन जादा मोजणीदार तिथूनच आले.

चौथ्या क्लिपमध्ये तो दमलेला हवा होता. मी ब्लॉकनंतर `exhausted, weary` असं लिहिलं आणि माणूस सत्तरीचा झाला. डोळ्यांखाली पिशव्या आल्या, दाढी पांढरी झाली, खांदे उतरले. थकवा सांगणारे शब्द मॉडेलच्या लेखी बहुधा म्हातारपणाच्या शेजारीच राहतात. उपाय म्हणून विशेषणं काढली आणि कृती लिहिली: तिपाई खाली टेकवतो, तिच्यावर दोन्ही हातांनी रेलतो, जोरात श्वास घेतो. तेवढ्याने तो दमलेला दिसला आणि वय जागच्या जागी राहिलं.

सहाव्या क्लिपमध्ये मुसळधार पाऊस होता. जाकिटाला टोपडं फुटलं, कापड प्लास्टिकसारखं चमकायला लागलं, म्हणजे सरळ रेनकोटच झाला. पावसातल्या माणसांच्या चित्रांमध्ये रेनकोट इतका नेहमीचा असतो की तो शब्द न लिहिताही आला. इथे पाऊस नुसता आभाळातून पाडून भागत नाही, तो आपल्याच जाकिटावर पाडावा लागतो. ब्लॉकला धक्का न लावता त्याच्यानंतर एक ओळ जोडली:

```
the brick-red canvas jacket is soaked dark,
water running off the stand collar
```

जाकिटाचे तेच शब्द दुसऱ्यांदा आल्यामुळे कापड आणि कॉलर दोन्ही टिकले.

आठवी क्लिप कंदिलाची. मी उजेडाचं वर्णन `warm orange glow` असं केलं होतं, आणि तो नारिंगी रंग उजेडातून निघून जाकिटावर जाऊन बसला. जाकीट तपकिरी चामड्याचं झालं. प्रॉम्प्टमधला रंगाचा शब्द ज्या वस्तूसाठी लिहिलाय तिथेच राहील याची खात्री नसते. आता मी उजेडाचा रंग लिहीत नाही, उजेड कुठून येतो ते लिहितो: `lit by a single lantern on the table`. कंदिलाच्या उजेडात विटकरी रंग थोडा तांबूस-पिवळा दिसणारच, तसा तो खरोखरही दिसतो, आणि ते बिघडलंय असं समजू नये. कॉलर आणि कापडाचा पोत पाहा. ते टिकलेले असतील तर बदल उजेडाचा आहे. तेही बदलले असतील तर कपडाच बदललाय.

त्याने टोपी घातली आणि नंतर काढली तर?

हे जपून करावं. टोपी डोक्यावर असताना खालचे केस मॉडेलला दिसत नाहीत, त्यामुळे टोपी काढताना तिथे काय आहे ते मॉडेल त्या क्षणी ठरवतं. माझ्या मोजणीदाराने टोपी काढली तेव्हा आतून खांद्यापर्यंतचे केस निघाले.

मी टोपीचे दोन वेगळे ब्लॉक केले: एक टोपीसह, एक टोपीशिवाय. बाकी सगळे शब्द तेच. टोपी काढण्याची कृती कोणत्याही क्लिपमध्ये दाखवली नाही, दोन क्लिपच्या मधल्या कटमध्ये ती उरकली. आणि टोपीशिवायच्या ब्लॉकमध्ये "टोपी नाही" असं लिहू नका. `no hat` लिहिलं की `hat` हा शब्द प्रॉम्प्टमध्ये येतोच, आणि बऱ्याचदा त्यापाठोपाठ टोपीही येते. जे दिसायला हवं ते लिहा: `bare-headed, cropped grey hair`. नको असलेल्या गोष्टींसाठी टूलमध्ये वेगळा रकाना असेल तर `hat` तिथे टाका.

रेफरन्स चित्र देता येत असेल तर ब्लॉक कशाला हवा?

रेफरन्स देता येत असेल तर जरूर द्या. चेहऱ्याच्या बाबतीत शब्द कधीच चित्राची बरोबरी करत नाहीत. मी आधी ब्लॉकवरून स्थिर चित्रं काढतो, त्यातलं मनासारखं एक निवडतो आणि त्याच माणसाची समोरून, पाऊण वळलेली आणि बाजूने अशी तीन चित्रं तयार करतो. स्थिर चित्र क्लिपपेक्षा स्वस्त आणि पटकन होतं, त्यामुळे फसायचं ते तिथेच फसून घ्यावं.

पार्श्वभूमी साधी, उजेड सगळीकडून सारखा आणि चेहरा निर्विकार ठेवा. मी सुरुवातीला संध्याकाळच्या माळरानावरचं एक देखणं चित्र रेफरन्स म्हणून दिलं होतं. मग रात्रीच्या खोलीतही त्याच्या गालावर मावळतीचं ऊन पडलेलं. रेफरन्समधलं काय माणसाचं आणि काय प्रसंगाचं, हे मॉडेलला नेहमी वेगळं करता येत नाही.

ब्लॉक तरीही लागतो. आठ सेकंदांत माणूस पाठ फिरवतो, वाकतो, पुन्हा समोर येतो. रेफरन्समध्ये त्याची पाठ नसेल तर ती मॉडेल रचतं, आणि तिथे शब्द उपयोगी पडतात. मात्र चित्र आणि शब्द एकमेकांशी भांडता कामा नयेत. चित्रातलं जाकीट थोडं मरून रंगाचं आलं असेल आणि ते तुम्हाला आवडलं असेल, तर ब्लॉकमधला रंग बदला आणि तो सगळ्या क्लिपसाठी बदला.

चित्रच क्लिपची पहिली फ्रेम म्हणून देत असाल तर मात्र अख्खा ब्लॉक नको. दिसणं चित्रानेच सांगून झालंय. तिथे "विटकरी जाकीट घातलेला माणूस" एवढी ओळख ठेवून बाकी शब्द हालचालीवर खर्च करावेत.

एका क्लिपची शेवटची फ्रेम पुढच्या क्लिपची पहिली फ्रेम म्हणून दिली तर पात्र टिकेल ना?

एकदा टिकेल, दुसऱ्यांदा बहुतेक टिकेल. पाचव्या क्लिपपर्यंत झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं. रंग भडक होतात, कातडी मेणासारखी गुळगुळीत होते, नाक हळूहळू बदलतं. प्रत्येक टप्प्यातला बदल इतका लहान असतो की शेजारच्या दोन क्लिप पाहून लक्षात येत नाही. पहिली आणि पाचवी शेजारी ठेवली की धक्का बसतो. त्यात शेवटच्या फ्रेममध्ये माणूस बहुधा हलत असतो, त्यामुळे ती धूसर असते आणि तो धूसरपणाही पुढे वारशाने जातो.

खरोखर अखंड कृती हवी असेल, म्हणजे मोजणीदार वाकला आणि पुढच्या क्लिपमध्ये उठला, तर तेवढ्या एका जोडीपुरती ही युक्ती वापरा. पुढच्या प्रसंगाला पुन्हा मूळ रेफरन्सपासून सुरुवात करा.

सीड तोच ठेवला की झालं, असं ऐकलंय.

सीड म्हणजे सुरुवातीचा तो ठिपक्यांचा गोंधळ ठरवणारा आकडा. मॉडेल, सेटिंग, प्रॉम्प्ट आणि सीड सगळं तेच ठेवलं तर क्लिप जवळपास तीच येते. पण तीच क्लिप कुणाला हवीय? आपल्याला पुढचा प्रसंग हवा असतो. प्रॉम्प्ट बदलला की त्याच गोंधळातून दुसरंच चित्र निघतं, आणि त्यातला चेहरा तोच असेल असं काही नाही. सीडला चेहरा माहीत नसतो.

त्याचा खरा उपयोग चाचणीसाठी होतो. सीड कायम ठेवून प्रॉम्प्टमधला एकच शब्द बदला, म्हणजे त्या शब्दाने काय केलं ते बऱ्यापैकी समजतं. `exhausted` हा माझा गुन्हेगार मी असाच पकडला.

लांबच्या शॉटमध्ये चेहरा चेपल्यासारखा का दिसतो?

तिथे चेहरा रेखायला जागाच नसते. बहुतेक व्हिडिओ मॉडेल थेट पिक्सेलवर काम करत नाहीत, आधी चित्र दाबून लहान केलं जातं. वान २.१ सारख्या खुल्या मॉडेलमध्ये लांबी-रुंदी दोन्ही आठपटीने कमी होतात. म्हणजे दूरच्या माणसाचा चेहरा ४० पिक्सेल उंच असेल, तर मॉडेलच्या हाती त्यासाठी उभे पाच चौकोन येतात. पाच चौकोनांत डोळे, नाक, दाढी आणि ओळख बसवायची. ब्लॉकमध्ये चेहऱ्याचं कितीही वर्णन असलं तरी फरक पडणार नाही.

म्हणून दहाव्या क्लिपमध्ये, जिथे तो दूर निघून जातो, मी त्याला पाठमोरा केला. जाकीट, पिशवी आणि चाल एवढंच ठेवलं. लांबच्या शॉटसाठी ब्लॉक कापू नका, पण चेहरा ओळखू येईल अशी अपेक्षाही धरू नका.

एकाच क्लिपमध्ये दोन पात्रं असतील तर?

एकाचे गुण दुसऱ्याला लागतात. मोजणीदाराशेजारी मी एक तरुण मदतनीस उभा केला, तर तीनपैकी दोन वेळा त्यालाही दाढी आली. दोघांची वर्णनं वेगळ्या वाक्यांत लिहा, "तो" हे सर्वनाम टाळून प्रत्येक वेळी "मोजणीदार" किंवा "मदतनीस" म्हणा, आणि दोघांच्या आकारातच फरक ठेवा: एक उंच आणि सडपातळ, दुसरा बुटका आणि गोल चेहऱ्याचा. कपड्यांचे रंगही एकमेकांपासून लांबचे घ्या. तरी जमलं नाही तर संवाद आलटून-पालटून एकेकट्याच्या शॉटमध्ये दाखवा. मी मदतनीस काढूनच टाकला. गोष्टीला त्याची फारशी गरज नव्हती.

पात्र खरंच तेच आहे का, हे तपासायचं कसं?

क्लिप चालू असताना बघू नका. हालचाल डोळ्यांना फसवते. ffmpeg या प्रोग्रॅमला खालची आज्ञा देऊन प्रत्येक क्लिपमधून सेकंदाला एक फ्रेम काढा आणि आठ फ्रेमची एक पट्टी करा:

```
ffmpeg -i clip04.mp4 -vf "fps=1,scale=320:-1,tile=8x1" -frames:v 1 clip04.png
```

अशा दहा पट्ट्या एकाखाली एक लावल्या की चुकलेली पट्टी लगेच खुपते. मी त्यात ठरावीक क्रमाने चार गोष्टी पाहतो: चेहऱ्याची लांबी, दाढीची कड, कॉलर आणि पिशवी कोणत्या खांद्यावर आहे. क्लिपच्या आतही पाहा. पहिल्या तीन सेकंदांत बरोबर असलेला माणूस सातव्या सेकंदाला वळून आल्यावर दुसराच असू शकतो. तशी क्लिप फेकायची गरज नाही, चांगले सेकंद कापून घ्या.

आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. पन्नासदा पाहिलेला चेहरा आपल्याला सगळीकडेच दिसायला लागतो.

सगळं करूनही एक क्लिप जुळतच नाहीये. किती वेळा प्रयत्न करायचा?

माझा नियम सहाचा आहे. सहा वेळा काढूनही जुळली नाही तर प्रॉम्प्टचा नाद सोडून शॉट बदलायचा. आठव्या क्लिपमध्ये जाकीट ताळ्यावर आलं, पण कंदिलाजवळ खाली वाकलेला चेहरा सहाही वेळा कुणातरी दुसऱ्याचाच होता. शेवटी त्या क्लिपमधून चेहराच वगळला: टेबलावरचा नकाशा, त्यावर फिरणारी पेन्सिल, विटकरी बाही आणि कडेला कंदील. ती पहिल्या फटक्यात आली.